खारपाणपट्ट्यात सोलर स्टिल : तीन आकारांच्या पेट्या आणि रोजचं मोजलेलं पाणी

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, अकोट-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात आहे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, लिटरला २८०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत टीडीएस चांगला, आणि दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा. आमचं पाणी त्याच्याही वर आहे. आरओचे कॅन मिळतात, पण लोडशेडिंगच्या दिवसांत ते येतातच असं नाही. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला छतावर सोलर स्टिलच्या तीन पेट्या बसवल्या. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू वापरून झाल्यावर हे लिहितो आहे.

यंत्र म्हणजे काळ्या रंगाची उथळ टाकी आणि तिच्यावर तिरपी काच. उन्हानं पाणी तापतं, वाफेचं काचेच्या आतल्या बाजूला पुन्हा पाणी होतं, थेंब उतारानं खाली पन्हळीत जातात आणि नळीतून बाटलीत येतात. मीठ टाकीतच राहतं. तिन्ही पेट्यांच्या तळाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर, काच ४ मिलीमीटरची साधी, काळा रंग एकच. फरक फक्त आकाराचा.

पहिली एकतर्फी : सपाट तळ आणि दक्षिणेकडे उतरणारी एकच काच, उतार साधारण २१ अंश, म्हणजे आमच्या अक्षांशाइतका. दुसरी दुतर्फा : घराच्या पाख्यांसारख्या दोन काचा, एक उत्तरेकडे आणि एक दक्षिणेकडे. तिसरी पायऱ्यांची : तळच पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो, प्रत्येक पायरीवर जेमतेम १ सेंटीमीटर पाणी, आणि काच पायऱ्यांना समांतर.

आधी मोजणीबद्दल सांगतो, कारण चुकीच्या वेळी मोजलं तर तुलनाच खोटी ठरते. सूर्यास्ताला बाटली पाहून दिवसाचा हिशेब केला, तर रात्रीचं पाणी सुटतं. सूर्य मावळल्यावर काच झपाट्यानं थंड होते, पण टाकीतलं पाणी गरमच असतं आणि थेंब पडत राहतात. म्हणून रोज सकाळी सात वाजताच बाटली काढायची, किचनच्या वजनकाट्यावर ठेवायची आणि रिकाम्या बाटलीचं वजन वजा करायचं. १ ग्रॅम म्हणजे १ मिलीलिटर. मग टाकी आतल्या खुणेपर्यंत भरायची आणि भरायला किती पाणी लागलं तेही लिहायचं. हा दुसरा आकडा पुढे फार उपयोगी पडला.

निरभ्र दिवसांची सरासरी साधारण अशी आली. जानेवारीत एकतर्फीनं २.१ लिटर दिलं, दुतर्फानं १.७ आणि पायऱ्यांच्या पेटीनं २.५. एप्रिल-मेमध्ये हेच आकडे ३.४, ३.५ आणि ४.१ झाले. ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत कुठल्याच पेटीनं १ लिटरच्या फार वर मजल मारली नाही.

यामागची कारणं आकारातच आहेत. डिसेंबर-जानेवारीत भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. दुतर्फा पेटीच्या उत्तरेकडच्या काचेवर ऊन इतकं तिरपं पडतं, की त्यातला बराच भाग परावर्तित होऊन वाया जातो. एकतर्फीची काच मात्र सूर्यासमोर असते. मेच्या अखेरीस आमच्याकडे सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा दोन्ही पाख्यांवर सारखं ऊन पडतं आणि दुतर्फा पेटी बरोबरी करते. एकतर्फीची अडचण वेगळी आहे. तिची मागची भिंत जवळपास अर्धा मीटर उंच होते आणि बाजूच्या भिंतींची सावली हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाण्यावर पडते. मागची भिंत आतून पांढरी केल्यावर थोडा फायदा दिसला, कारण तिच्यावर पडणारं ऊन खाली पाण्याकडे वळतं.

पायऱ्यांची पेटी पुढे राहते याचं कारण म्हणजे तिच्यात पाणी कमी, त्यामुळे ते लवकर तापतं. शिवाय काच सगळीकडे पाण्यापासून सारख्याच, चार बोटांच्या अंतरावर असते, त्यामुळे भिंती बुटक्या राहतात आणि सावली जवळपास पडतच नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास तिच्या पन्हळीत पहिली धार दिसते, तेव्हा बाकीच्या दोघींच्या काचा नुसत्या धुरकट झालेल्या असतात.

तरी ती सगळ्यांनी घ्यावी असं मी म्हणणार नाही. तिला रोज पाणी लागतं. मेच्या उन्हात एक दिवस भरायची राहिली, तर वरच्या पायऱ्या कोरड्या पडतात. आमच्या फॅब्रिकेटरनं तळाखाली साधं थर्माकोल घातलं होतं. कोरड्या पायरीचा पत्रा एवढा तापला की थर्माकोल आकसून गेलं आणि तिथला तळ रोज थंड राहू लागला. मग पत्र्याला लागून ग्लासवूल आणि त्याखाली थर्माकोल असं करून घेतलं. दुसरं म्हणजे पेटी लेव्हलमध्येच हवी. स्टँड एका बाजूला थोडा जरी खचला तरी पायरीचं एक टोक उघडं पडतं आणि तिथे क्षारांचा पांढरा थर धरतो. काळा पत्रा पांढरा झाला की ऊन शोषणं संपलं.

आकारापेक्षाही मला पाण्याची खोली महत्त्वाची वाटली. एकतर्फी पेटीत काही आठवडे २ सेंटीमीटर आणि काही आठवडे ५ सेंटीमीटर पाणी ठेवून पाहिलं. २ सेंटीमीटरला दुपारी पाण्याचं तापमान ६५ अंशांच्या वर जातं आणि बहुतेक पाणी दिवसाच पडतं. ५ सेंटीमीटरला तापमान चढायला उशीर होतो आणि जवळपास तिसरा हिस्सा पाणी रात्री पडतं. एकूण मात्र सहावा हिस्सा तरी कमी येतं. तेव्हा दुतर्फा घ्यावी की एकतर्फी यावर डोकं लावण्याआधी टाकीत पाणी किती भरता ते बघा.

आता त्या दुसऱ्या आकड्याबद्दल. एप्रिलमध्ये दुतर्फा पेटी खुणेपर्यंत भरायला रोज ३.९ लिटर लागायचे आणि बाटलीत यायचे ३.१. मधले ०.८ लिटर वाफ होऊन बाहेर जात होते. टाकीच गळत असती तर खाली ओल दिसली असती, ती नव्हती. भल्या सकाळी काचांच्या जोडावर हात फिरवला तेव्हा वरच्या आढ्याशी, जिथे दोन काचा मिळतात, तिथे बोटाला दमटपणा लागला. सगळ्यात गरम वाफ तिथेच जमते आणि सिलिकॉन आधी तिथेच सुटतं. जोड खरवडून नव्यानं भरल्यावर बाटली ३.५ वर आली. एकतर्फीला दोन काचांचा हा जोडच नाही, म्हणून तिथून वाफ गळायची भीती नाही.

काचेवरून थेंब परत टाकीत पडत असतील तर हा हिशेब जुळतो, पण पाणी कमी येतं. ते ओळखायचं तर भर दुपारी काचेकडे बाजूनं बघायचं. स्वच्छ काचेवर पाणी पातळ पापुद्र्यासारखं पसरतं आणि ओघळत खाली येतं. काच तेलकट असेल किंवा काचेऐवजी अॅक्रिलिक लावलं असेल, तर पाणी मण्यांसारखं गोळा होतं, मणी मोठा होतो आणि पन्हळीपर्यंत पोचण्याआधीच टपकन खाली पडतो. काच आतून साबणानं धुऊन भरपूर पाण्यानं खंगाळली की फरक लगेच दिसतो. पावसाळ्यात उलटी फसगत होते : ढगाळ दिवशी बाटलीत जास्त पाणी आलं, तर समजायचं की पावसाचं पाणी जोडातून आत शिरलं.

बाटलीतल्या पाण्याचा टीडीएस रोज १५ ते ३० दरम्यान येतो. एकदा तो अचानक १८० झाला, तेव्हा टाकी जास्त भरल्यानं खारं पाणी पन्हळीत सांडलं होतं. तसं झालं की त्या दिवसाचं पाणी टाकून द्यायचं.

टाकीतलं मीठ वाढत जातं हे विसरू नका. रोज ३ लिटर पाणी उडालं तर आमच्या पाण्यातलं साधारण साडेआठ ग्रॅम मीठ मागे राहतं. २ सेंटीमीटर भरलेल्या टाकीत २० लिटर पाणी, म्हणजे सुरुवातीलाच ५६ ग्रॅम मीठ. आठवड्याभरात ते दुप्पट होतं. म्हणून दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करतो आणि महिन्यातून एकदा लिंबूसत्वाच्या पाण्यानं पांढरा थर काढतो. हे खारं पाणी झाडांना घालत नाही.

पहिले आठ-दहा दिवस पाण्याला रंगाचा आणि सिलिकॉनचा वास येतो. पाण्याबरोबर उडणारी अशी द्रव्यं वाफेसोबत बाटलीत येतातच, तेव्हा वास पूर्ण जाईपर्यंत ते पाणी प्यायचं नाही. वास गेल्यावर आईनं पहिला घोट घेतला आणि म्हणाली, ‘याले काही चवच नाही रे बाबू.’ बरोबरच होतं, क्षारच नाहीत तर चव कुठून येणार? आता नऊ भाग स्टिलचं आणि एक भाग बोअरचं उकळून गार केलेलं पाणी मिसळतो. टीडीएस ३०० च्या आसपास येतो आणि चव जिभेला ओळखीची लागते. मात्र उकळून नायट्रेट किंवा फ्लोराइड जात नाही. ते मिसळण्यानं फक्त दहाव्या हिश्शावर येतं, म्हणून बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करूनच हे प्रमाण ठरवावं.

आणखी एक हिशेब द्यायला हवा, कारण विकणारे चौरस मीटरला आठ-दहा लिटरच्या गोष्टी करतात. एप्रिलच्या चांगल्या दिवशी १ चौरस मीटरवर साधारण ६ युनिट ऊर्जा पडते, म्हणजे सुमारे २१.६ मेगाज्यूल. १ लिटर गरम पाण्याची वाफ करायला सुमारे २.३५ मेगाज्यूल लागतात. एक कणही वाया न जाता सगळी उष्णता वापरली तरी ९ लिटर होतील. आमच्या एकतर्फी पेटीचे ३.४ लिटर म्हणजे सुमारे ३७ टक्के. १८७२ साली चिलीतल्या लास सालिनास इथे खाणीसाठी असंच मोठं काचघर बांधलं होतं. सुमारे ४७०० चौरस मीटरवर ते दिवसाला २२ हजार लिटरच्या वर पाणी द्यायचं, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटरच्या आतच. साध्या पेटीकडून यापेक्षा जास्तीचं आश्वासन कुणी दिलं, तर महिनाभर रोज सकाळी वजन करून दाखवायला सांगा.

चार माणसांच्या घराला फक्त पिण्यापुरतं पाणी हवं असेल तर हिवाळा धरून ५ चौरस मीटर लागतील आणि पावसाळ्यासाठी छताचं पाणी साठवावं लागेल. आम्ही आता एकतर्फीच वाढवतो आहोत, पण पत्र्याऐवजी फायबरची टाकी घेतोय, कारण पत्रा वेल्डिंगच्या जागी गंजायला लागला आहे. पायऱ्यांची पेटी आईच्या ताब्यात आहे, ती रोज सकाळी न चुकता भरते. दुतर्फाची काच उतरवून तिची पुढची एकतर्फी करायला दिली आहे.