स्वाइप की चिप: चोराच्या हाती नक्की काय लागतं?

कार्डावर पट्टीपण आहे आणि चिपपण, मशीन दोन्ही घेतं, मग वापरायचं काय? माझं सरळ मत, चिप चालतेय तोवर पट्टी घासायची नाही.

पट्टीचं आधी बघू. ती म्हणजे जुन्या कॅसेटच्या टेपसारखी, कितीदाही वाचा तेच वाजणार. मशीन जो भाग वाचतं त्यात जास्तीत जास्त ४० अक्षरं मावतात: कार्ड नंबर, मुदत, तीन आकडी सर्व्हिस कोड आणि एक सीव्हीव्ही, जो मागे छापलेल्या सीव्हीव्हीपेक्षा वेगळा असतो. हा लपलेला आकडा फक्त नंबर माहीत असणाऱ्याला अडवतो, पण स्किमरने, म्हणजे चोराने लपवून लावलेल्या रीडरने, अख्खी पट्टीच वाचली की तोही त्यात आलाच ना! मग कोऱ्या कार्डावर तेच लिहायचं, बँकेला दोन्हीकडून अगदी सेम डेटा दिसतो.

चिपचं तसं नाही. समजा तुमचा ४१वा व्यवहार आहे, रक्कम ५००. मशीन चिपला रक्कम, तारीख आणि स्वतःचा एक रँडम नंबर देतं, चिप त्यात आपला ४१ हा काउंटर मिसळते आणि आतल्या गुप्त कीने ८ बाइटचा क्रिप्टोग्राम, म्हणजे त्या व्यवहारापुरता सांकेतिक आकडा, काढते, ती गुप्त की मात्र बाहेर येतच नाही. बँक तिच्याकडच्या कीने तोच हिशोब करून जुळवते. चोराने हे सगळं मधेच पकडलं तरी उद्या ९०० च्या व्यवहाराला मशीनचा नंबर नवा, रक्कम नवी, आणि जुनाच क्रिप्टोग्राम पुढे केला तर बँक म्हणणार ४१ तर होऊन गेला.

आता खरी मजा. चिपपण कार्ड नंबर आणि मुदत मशीनला उघडच देते, मग शिमर (खाचेत सरकवलेली पातळ सर्किटची पट्टी) लावून ते चोरून चुंबकीय पट्टीवर लिहिलं तर? म्हणूनच चिपमधला सीव्हीव्ही पट्टीवरच्यापेक्षा मुद्दाम वेगळा ठेवतात, स्वाइपमध्ये चिपचा आकडा आला की बँकेला कळतं, अर्थात तिने तपासला तर. आणि सर्व्हिस कोड २ किंवा ६ ने सुरू झाला की मशीनला कळतं की या कार्डाला चिप आहे, तीच मागायची. चोराने तो बदलून १ केला तर सीव्हीव्ही चुकतो, कारण तो त्या कोडवरूनच काढलेला असतो.

भोक उरतं ते फॉलबॅकचं, म्हणजे चिप चालली नाही की पट्टीवर येण्याचं. नकली कार्डावर मुद्दाम बिघडलेली चिप लावतात, मशीन वाचून वाचून थकतं आणि म्हणतं स्वाइप करा. बँकेला हा फॉलबॅक आहे हे दिसतं, पण नाकारायचं की नाही ते तिच्यावर. त्यामुळे बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्वाइप बंद करायची सोय असेल तर करून टाका. ऑनलाइन नंबर टाइप करता तिथे मात्र चिप कामाची नाही, क्रिप्टोग्राम बनतच नाही. आणि बाकी सगळीकडे चालणारी चिप एकाच मशीनवर चालत नसेल आणि समोरचा स्वाइपचा आग्रह धरत असेल तर मी कार्ड परत खिशात घालतो.