कुर्त्यासाठी बिबट्या की झेब्रा?
बिबट्याच्या प्रिंटमध्ये बदामी जमिनीवर तपकिरी ठिपके आणि त्यांभोवती तुटक काळी कडा असते. रंग जवळजवळचे, म्हणून नखाएवढे ठिपके खोलीच्या दुसऱ्या टोकावरून मिसळून एकच उबदार तपकिरी वाटतात. खाकी पँट, निळी जीन्स, लाल ओढणी, सगळ्यांवर जातं. झेब्र्यात नुसतं काळं-पांढरं. मधला रंगच नाही, त्यामुळे पट्टा दुरूनही पट्टाच राहतो. रुंद पट्टे बाजूच्या शिवणीवर जुळले नाहीत तर चूक लगेच डोळ्यांत भरते; बिबट्यात ती लपते. म्हणून कुर्त्याला मी बिबट्याच घेईन, झेब्रा स्कार्फपुरता. सापाची नक्षी बारीक खवल्यांची, राखाडी-बदामी. चपलांवर ती साध्या रंगासारखीच वापरता येते.