सीबीनॅटसाठी जुनं कार्ट्रिज की अल्ट्रा? 'ट्रेस' आणि 'इनडिटरमिनेट' रिपोर्ट डोळ्यासमोर ठेवून

टीबी शोधणारी सीबीनॅट चाचणी ज्यावर होते ते जीनएक्स्पर्टचं यंत्र लॅबमध्ये आहेच, प्रश्न फक्त कार्ट्रिज कुठलं मागवायचं याचा आहे: जुनं एमटीबी-रिफ, ज्याला लॅबमध्ये 'जी-फोर' म्हणतात, की अल्ट्रा. यंत्र दोन्हींना तेच चालतं. अल्ट्रासाठी सॉफ्टवेअरची आवृत्ती पुरेशी नवी हवी आणि त्या चाचणीची फाइल यंत्रात घालावी लागते, इतकंच. माझा कौल अल्ट्राला आहे, पण एका अटीवर. 'ट्रेस', म्हणजे जंतूंचा अगदी निसटता माग, असा रिपोर्ट आला की पुढे काय करायचं, हे लॅब आणि डॉक्टर यांच्यात आधी ठरलेलं हवं. ते ठरलेलं नसेल तर अल्ट्राची जास्तीची संवेदनशीलता गोंधळच वाढवते.

फरक नेमका कुठे आहे

जी-फोर टीबीच्या जंतूमधला एकच जनुक शोधतं, आरपीओबी. रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देण्यामागचे बहुतेक बदल या जनुकाच्या 81 अक्षरांच्या एका तुकड्यात होतात. त्या तुकड्यावर पाच प्रोब, म्हणजे जुळणाऱ्या डीएनएला चिकटून चमकणारे खुणेचे तुकडे, बसवलेले असतात. जंतू आहे का आणि औषध चालेल का, दोन्ही उत्तरं त्याच पाच प्रोबवरून काढली जातात. अडचण अशी की एका जंतूत या जनुकाची प्रत एकच असते.

अल्ट्रा आरपीओबी तपासतंच, शिवाय आयएस6110 आणि आयएस1081 हे दोन तुकडेही शोधतं. एकाच जंतूत यांच्या बहुधा अनेक प्रती असतात, त्यामुळे जंतू मोजके असले तरी सुगावा लागतो. दक्षिण भारतातल्या काही जंतूंमध्ये आयएस6110 ची एखादीच प्रत असते किंवा एकही नसते. तिथे आयएस1081 कामी येतो. प्रत्यक्ष पीसीआर, म्हणजे आवर्तनामागून आवर्तनं डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, होते ती जागाही दुप्पट केली आहे, 25 ऐवजी 50 मायक्रोलिटर. परिणाम असा की जी-फोरला एका मिलिलिटरमध्ये साधारण शंभराच्या वर जंतू लागतात, तर अल्ट्राला सोळाच्या आसपास पुरतात.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या आठ देशांच्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, कल्चरने, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून, सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी जी-फोरने 83 टक्के पकडले, अल्ट्राने 88 टक्के. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू न दिसलेल्यांमध्ये फरक ठळक होता: 46 विरुद्ध 63. एचआयव्ही असलेल्यांमध्ये 77 विरुद्ध 90. याची किंमत दुसऱ्या बाजूला मोजावी लागली. टीबी नसताना 'नाही' सांगण्याचं प्रमाण जी-फोरचं 98 टक्के होतं, ते अल्ट्राचं 96 वर आलं. ही घसरण मुख्यतः पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांमुळे आहे. त्यांच्या फुप्फुसात मेलेल्या जंतूंचा डीएनए बराच काळ राहू शकतो आणि पीसीआरला जिवंत-मेलेला भेद कळत नाही. याच कारणाने उपचार चालू असताना 'बरा होतोय का' हे पाहायला दोन्हींपैकी कुठलंच कार्ट्रिज वापरू नये.

वेळेचा फरकही आहे. जी-फोरला दोन तासांपेक्षा थोडा कमी वेळ लागतो, अल्ट्राला दीड तासाच्या आत.

दोन वेगळे 'इनडिटरमिनेट'

दोन्ही कार्ट्रिज `RIF Resistance INDETERMINATE` हीच ओळ छापतात, पण त्यामागची गोष्ट वेगळी असते. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

जी-फोरचा एक रिपोर्ट पाहू. वर `MTB DETECTED VERY LOW` आहे. प्रोबच्या तक्त्यात पहिला प्रोब 35.8 व्या आवर्तनाला दिसतो, दोन-तीन त्याच्या मागोमाग येतात आणि एक येतच नाही. जी-फोरचा नियम असा की पहिला आणि शेवटचा प्रोब यांच्यात चारपेक्षा जास्त आवर्तनांचं अंतर पडलं तर रिफॅम्पिसिन चालणार नाही. आता पहिलाच 35.8 ला आला, तर चार मिळवून 39.8 होतात आणि यंत्राची मोजणी तिथेच संपत आलेली असते. न आलेला प्रोब जनुकातल्या बदलामुळे आला नाही की जंतूच कमी पडले, हे यंत्राला सांगता येत नाही. म्हणून ते हात वर करतं. हे प्रामाणिक उत्तर आहे. खरी भीती याच्या जरा अलीकडे आहे. जंतू अतिशय कमी असताना एखादा प्रोब उशिरा आला की जी-फोर कधीकधी चुकून 'रेझिस्टन्स आहे' असं सांगतं. म्हणून नव्या, औषध-प्रतिकाराची जोखीम नसलेल्या रुग्णात `VERY LOW` सोबत रेझिस्टन्स आला, तर दुसऱ्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करून मगच निर्णय घ्यावा.

अल्ट्रामध्ये प्रोब उशिरा आला की लवकर, यावर औषधाचा निर्णय अवलंबून नसतो. प्रोब जनुकापासून कोणत्या तापमानाला सुटतो ते पाहिलं जातं. त्यामुळे कमी जंतूंमुळे होणारी ही खोटी ओरड बरीच कमी झाली, आणि जनुकात बदल असूनही औषधावर परिणाम होत नाही असे काही बदलही वेगळे काढता येतात.

मात्र अल्ट्रामध्ये `MTB Trace DETECTED` आलं की औषधाचं उत्तर 'इनडिटरमिनेट'च असतं, अपवाद नाही. ट्रेस म्हणजे आयएसचे तुकडे सापडले, पण आरपीओबी सापडला नाही. जो जनुक मिळालाच नाही त्याच्याबद्दल काय सांगणार? म्हणून ट्रेसमधला इनडिटरमिनेट हा बिघाड नव्हे आणि प्रतिकाराची शंकाही नव्हे. मात्र `LOW` किंवा `MEDIUM` असताना अल्ट्राने इनडिटरमिनेट दिलं तर कान टवकारावेत. तिथे जंतू पुरेसे आहेत, म्हणजे जनुकाचाच तुकडा गळालेला असणं किंवा दोन प्रकारच्या जंतूंची सरमिसळ असणं शक्य आहे. तो नमुना कल्चरला पाठवायलाच हवा.

दोघांचीही एक मर्यादा सारखीच आहे. 81 अक्षरांच्या बाहेरचा बदल दोन्हींना दिसत नाही. आफ्रिकेतल्या एस्वातिनीत 491 क्रमांकावरच्या अशाच एका बदलामुळे अनेक रुग्ण 'औषध चालेल' या गटात मोजले गेले होते.

ट्रेस आल्यावर: तीन रुग्ण

पहिला, चार वर्षांचं मूल, जठरातून काढलेल्या पाण्याचा नमुना, ट्रेस. हा टीबी धरायचा आणि उपचार सुरू करायचे. मुलांमध्ये जंतू मुळातच कमी असतात. एचआयव्ही असलेला रुग्ण आणि मानेच्या गाठीचा किंवा मेंदूतल्या पाण्याचा नमुना, यांनाही हाच नियम. या तिन्ही ठिकाणी जी-फोर बऱ्याचदा 'नाही' म्हणून मोकळं होतं. तुमच्याकडे असे रुग्ण जास्त येत असतील तर निवडीचा विचार इथेच संपतो.

दुसरा, तीस वर्षांची बाई, टीबी कधीच झालेला नाही, महिनाभर खोकला, वजन उतरलेलं, एक्स-रेत वरच्या भागात सावली. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये अशा प्रौढांमध्ये ताज्या नमुन्यावर अल्ट्रा पुन्हा करायला सांगितलं होतं, नंतर मात्र ती सरसकट पुनरावृत्ती गरजेची नाही अशी भूमिका घेतली. कारण साधं आहे: ट्रेस काठावरचा निकाल आहे, दुसऱ्या नमुन्यात जंतू आला तर आला. दुसऱ्यांदा 'नाही' आलं म्हणून पहिला ट्रेस खोटा ठरत नाही. लक्षणं आणि एक्स-रे जुळत असतील तर उपचार सुरू करावेत.

तिसरा रुग्ण अवघड. वय 46, दीड वर्षापूर्वी टीबीचं औषध पूर्ण केलेलं, तीन आठवडे खोकला, अल्ट्रा ट्रेस. इथे आधी जुना एक्स-रे मागवायचा आणि नव्याशेजारी धरायचा. सावली जुनीच असेल, ताप नसेल, वजन टिकून असेल, तर नमुना द्रव-कल्चरला पाठवून थांबता येतं. नकारार्थी उत्तराला सहा आठवडे लागतात, तोवर रुग्णाला अधूनमधून बोलवायचं. दरम्यान खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध देऊ नये, ते टीबीला अर्धवट दाबतं आणि कल्चरही बिघडवतं. उलट सावली नवी असेल आणि माणूस खंगत असेल तर कल्चरचा नमुना घेऊन उपचार सुरू करायचे. पूर्वी औषध घेतलेलं असल्याने प्रतिकाराची शक्यता जास्त असते, म्हणून जंतू वाढले की त्यांच्यावर औषध-संवेदनशीलता तपासणं टाळता येत नाही. ट्रेस नमुन्यावर थेट एलपीए किंवा एक्सडीआर कार्ट्रिज या औषध-प्रतिकार शोधणाऱ्या पुढच्या चाचण्या लावू नयेत. जंतू इतके कमी असताना तिथूनही बहुधा उत्तर येत नाही आणि कार्ट्रिज वाया जातं.

हाच तिसरा माणूस जी-फोरवर बहुधा `MTB NOT DETECTED` आला असता. काही डॉक्टरांना तेच बरं वाटतं. मला नाही वाटत, कारण खरा पुन्हा झालेला टीबीही तिथेच सुटतो.

नमुना बिघडला तर दोन्ही सारखीच

बेडका किमान एक मिलिलिटर हवा, फेसाळ लाळ नको. त्यात दुप्पट सॅम्पल रिएजंट घालायचं, झाकण लावून जोरात दहा-वीस वेळा हलवायचं, दहा मिनिटं ठेवायचं, पुन्हा हलवून आणखी पाच मिनिटं. शेवटी पातळ, गुठळी नसलेलं द्रव दिसलं पाहिजे. सोबतच्या पिपेटने खुणेपर्यंत, म्हणजे दोन मिलिलिटर, सावकाश कार्ट्रिजमध्ये सोडायचं. बुडबुडे होऊ द्यायचे नाहीत आणि भरलेलं कार्ट्रिज हलवायचं नाही. ते ताबडतोब यंत्रात जावं.

घाई इथेच नडते. बेडका नीट विरघळला नाही की `ERROR 2008` येतो, म्हणजे आत दाब वाढला. द्रव कमी पडलं किंवा बुडबुडे गेले की बऱ्याचदा `5006` किंवा `5007`. `INVALID` म्हणजे कार्ट्रिजमधला नियंत्रण-जंतूच सापडला नाही, बहुतेकदा नमुन्यात पीसीआरला अडवणारं काहीतरी आहे. `NO RESULT` म्हणजे चाचणी मधेच थांबली, आपल्याकडे बहुधा वीज गेल्याने. यातलं काहीही 'इनडिटरमिनेट' नव्हे. यात टीबी आहे की नाही हेसुद्धा कळलेलं नसतं, म्हणून चाचणी नव्या कार्ट्रिजवर पुन्हा करायची. इनडिटरमिनेटमध्ये टीबी सापडलेला असतो, फक्त रिफॅम्पिसिनचं उत्तर बाकी असतं. रिपोर्ट हाताने रजिस्टरात उतरवताना हे दोन एकाच रकान्यात कोंबले जातात आणि टीबी सापडलेला रुग्ण 'पुन्हा या' म्हणून घरी जातो.

गोव्यात तयार होणारं ट्रूनॅटही अनेक ठिकाणी पर्याय म्हणून समोर येतं. ते चिपवर चालतं, बॅटरीवर चालतं आणि एसी नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात टिकतं. पण तिथे रिफॅम्पिसिनसाठी दुसरी चिप लावावी लागते, आणि जंतू कमी असले की तिथेही 'इनडिटरमिनेट'च पदरात पडतं. वीज आणि थंडावा यांची खात्री नसेल तर ट्रूनॅट घ्यावं. खात्री असेल तर अल्ट्रा घ्यावं आणि ट्रेसच्या प्रत्येक रिपोर्टखाली लॅबने तीन गोष्टी विचारणारी ओळ छापावी: पूर्वी टीबी झाला होता का, उपचार कधी संपले, आणि कल्चरचा नमुना औषध सुरू करण्याआधी घेतला का.