चौकटीतला कालसर्प: अंश न दाखवता उकळलेले पैसे

मुलीचा जन्म 1995 च्या नोव्हेंबरमधला, संध्याकाळचा. लग्नरास मेष. स्थळं येत होती, पण जमत नव्हतं. विवाहविषयक साइटवर जन्मवेळ टाकलेली होती, तिथूनच कुणीतरी ती उचलली आणि आईला फोन केला. "ताई, मुलीला तक्षक कालसर्प आहे. सप्तमात राहू. शांती केल्याशिवाय लग्न होणार नाही, झालं तरी टिकणार नाही." सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर कुंडलीची चौकट आली. फक्त चौकट, अंश कुठेच नाहीत. पुढचं सगळं नुकसान या एका गोष्टीमुळे झालं.

कालसर्प म्हणजे रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे सातही ग्रह राहू-केतूच्या एकाच बाजूला असणं. राहू आणि केतू नेहमी समोरासमोर, बरोबर 180 अंशांवर असतात. त्यामुळे बाजू ठरते ती अंशांवरून, घरांवरून नाही. या मुलीचा राहू तुळेत 2 अंशांवर, केतू मेषेत 2 अंशांवर. रवी आणि बुध तुळेतच, पण राहूच्या पुढे. मंगळ, गुरू, शुक्र वृश्चिकेत, शनी कुंभेत. हे सहा ग्रह एका बाजूला आहेत हे खरं. चंद्र मात्र मेषेत 10 अंशांवर होता, म्हणजे केतूला ओलांडून 8 अंश पुढे गेलेला. चौकटीत चंद्र आणि केतू एकाच घरात लिहिलेले असल्याने योग पूर्ण दिसतो. अंश पाहिले की चंद्र बाहेर आहे आणि योग मोडलेला आहे.

चंद्र दिवसाला साधारण 13 अंश चालतो. म्हणजे मुलीच्या जन्माच्या चौदा-पंधरा तास आधीपर्यंत योग होता, जन्मावेळी नव्हता. उलट त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चंद्र पुन्हा आतल्या बाजूला होता, आणि त्या दिवसांत जन्मलेल्या प्रत्येकाच्या कुंडलीत हा योग आहे. त्या सगळ्यांचीच लग्नं अडली का, हा प्रश्न शांती सुचवणाऱ्याला जरूर विचारावा. बृहत्पाराशर होराशास्त्रात सर्पयोग आहे, पण तो केंद्रातल्या पापग्रहांचा, वेगळाच. त्याचा श्लोक दाखवून कालसर्पाचा आधार म्हणून सांगितला जातो, तो इथे लागू नाही.

आईने एका ओळखीच्या ज्योतिषांना विचारलं. त्यांनी चंद्राचे अंश दाखवले. तिने तसं फोनवर सांगितल्यावर समोरून लगेच उत्तर आलं, "मग आंशिक कालसर्प आहे, तो जास्त त्रासदायक." आधी 'पूर्ण' म्हणणारा माणूस पुरावा मिळताच 'आंशिक' म्हणू लागतो, तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण मुलीच्या लग्नाची काळजी असलेल्या आईला ते जमत नाही, आणि यांना ते नेमकं माहीत असतं.

पहिल्यांदा 11,000 रुपये गेले, त्र्यंबकेश्वरच्या शांतीसाठी. यायची गरज नाही, फोटो पाठवतो, असं सांगितलं. आता विधी पाहा. शांतीची सुरुवात संकल्पाने होते आणि संकल्पात यजमानाचं नाव आणि गोत्र उच्चारावं लागतं. या माणसाने गोत्र विचारलंच नव्हतं. फोटोत चांदीची नागजोडी आणि कलश दिसत होते, पण कुणाच्या नावाची पूजा हे त्यावरून कळण्याजोगं काहीच नव्हतं.

दुसऱ्यांदा 21,000. कारण काय, तर "नाग स्वीकारले गेले नाहीत, राहूचा जप लागेल." राहूच्या जपाची रूढ संख्या 18,000. ती एका गुरुजींनी एका रात्रीत पूर्ण केल्याचं कळवलं गेलं. लहान नाममंत्राला तीन सेकंद धरले तरी 18,000 जपांना सलग पंधरा तास लागतात. पाणी प्यायलाही न थांबता. हा हिशेब आधीच केला असता तर तिसरी मागणी, 31,000 ची, ऐकूनही घ्यावी लागली नसती. ती मात्र मुलीनेच थांबवली.

ज्यांना श्रद्धेने शांती करायची आहे त्यांनी आधी सातही ग्रहांचे आणि राहू-केतूचे अंश कागदावर मागावेत, आणि स्वतः जाऊन संकल्पाला बसावं. आगाऊ पैसे फोनवरच्या माणसाला पाठवू नयेत. राहू सप्तमात असणं ही वेगळी बाब आहे. ते सप्तमेश, शुक्र आणि चालू दशा यांसह वाचलं जातं. केवळ त्यावरून 'लग्न होणार नाही' असं कुणी सांगत असेल तर तो कुंडली वाचत नाही.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, चॅट, कुंडलीचा फोटो काहीही पुसू नका. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येतो. तक्रारीत 'कालसर्प खोटा' असा वाद घालत बसू नका. जी पूजा आणि जो जप करतो म्हणून पैसे घेतले ते केलेच नाहीत, एवढंच तारखा आणि रकमांसह लिहा.