चढाच्या फेऱ्या की फार्टलेक? एकाच वेगात अडकलेल्यांसाठी

मिरामारहून दोनापावलाच्या दिशेने आठवड्यातून चार दिवस ५ किलोमीटर. दर किलोमीटरला ७ मिनिटं, आणि कित्येक महिने आकडा तिथंच. अशा धावपटूने चारपैकी एक दिवस वेगाला द्यायचा ठरवला, तर पणजीत दोन सोपे पर्याय आहेत: आल्तिनोच्या चढावर फेऱ्या, नाहीतर नेहमीच्याच सपाट रस्त्यावर फार्टलेक, म्हणजे धावता धावता वेग वाढवायचा आणि पुन्हा उतरवायचा.

माझा कौल आधी चढाला. ज्याला एकच वेग ठाऊक आहे, त्याला सपाटीवर ‘जोरात’ म्हणजे किती हे कळत नाही. चढावर तो प्रश्न उरत नाही. पाऊल आपोआप आखूड पडतं, गुडघा वर येतो, वेग फारसा नसतानाही दम लागतो. शिवाय पाऊल कमी उंचीवरून पडत असल्याने आदळआपटही कमी.

चढ बेताचा निवडा, १०० मीटरमागे साधारण ५ मीटर चढणारा. १५ मिनिटं हळू धावून अंग गरम करा. मग ४५ सेकंद वर, आणि खाली चालतच या. पहिल्या फेरीत जिथे पोचलात तो विजेचा खांब लक्षात ठेवा. अशा सहा फेऱ्या, सगळ्या त्याच खांबापर्यंत. चौथीलाच खांब गाठता आला नाही, तर पहिली फार जोरात गेली. तिथेच थांबा, पुढच्या वेळी खांब अलीकडचा धरा. पावसाळ्यात मात्र झाडांखालच्या रस्त्यावर शेवाळ धरतं, तेव्हा चढ विसरा.

फार्टलेकचा हिशेब सोपा वाटतो: १ मिनिट जोरात, २ मिनिटं हळू, असं आठ वेळा. घोटाळा हळू भागात होतो. आपला धावपटू तिथेही ७ मिनिटांचा वेग सोडत नाही, मग जोराच्या मिनिटाला पायात काही उरत नाही आणि दोन्ही वेग एकमेकांत मिसळतात. घड्याळातला वेगाचा आलेख दातेरी दिसायला हवा; जवळजवळ सरळ आला, तर तुम्ही रोजचंच धावून आलात. हळू म्हणजे आठ मिनिटांच्या आसपास, लाज न बाळगता. जोरात म्हणजे दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये इतकं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत मिनिटांच्या आकड्यापेक्षा श्वासाचं हे मोजमापच खरं.

म्हणून चार-पाच आठवडे चढ, जोराची ओळख झाली की फार्टलेक. टाचेच्या मागची शीर सकाळी उठल्यावर आखडत असेल किंवा पोटरी दुखरी असेल, तर क्रम उलटा नको, चढच नको: तो भार नेमका तिथेच जातो. अशांनी फार्टलेकच करावं, तेही आठऐवजी चार वेळांपासून.