स्पॅनिश अंदाज आणि विनंती: भविष्यकाळ की संकेतार्थ?

दोन्ही रूपं पाठ असतात, पण बोलताना कुठलं वापरावं इथे गाडी अडते. धातूसाठी वेगळी मेहनत नाही. अनियमित मूळ दोघांचं एकच: तेनेरचं ‘तेंद्र’, पोदेरचं ‘पोद्र’, आसेरचं ‘आर’. अशी जेमतेम बारा मुख्य क्रियापदं आहेत. प्रत्यय तेवढे बदलतात: ‘तेंद्रे’ म्हणजे माझ्याकडे असेल, ‘तेंद्रिया’ म्हणजे असतं.

अंदाज बांधताना मात्र मराठी माणूस फसतो. ‘आत्ता दहा वाजले असतील’ याला भविष्यकाळ: ‘सेरान लास दिएस’. इथवर आपल्या ‘असतील’सारखंच. पण ‘तो आला तेव्हा दहा वाजले असतील’ म्हणतानाही आपण ‘असतील’च वापरतो, स्पॅनिशमध्ये तिथे संकेतार्थ लागतो: ‘सेरियान लास दिएस कुआंदो येगो’. म्हणून आधी बघायचं, अंदाज आत्ताचा की तेव्हाचा.

विनंतीत संकेतार्थ सरस. ‘पोद्रिया आयुदार्मे?’ म्हणजे ‘जरा मदत कराल का?’ तेच ‘पोद्रा’ म्हटलं, तर ‘तुम्हाला जमेल का?’ अशी चौकशी वाटू शकते. ‘केर्रिया’तला दुहेरी र नीट घोळवा, नाहीतर ऐकू येतं ‘केरिया’, म्हणजे अपूर्ण भूतकाळ. सुदैवाने दुकानात तोही नम्रच समजतात.

आत्ताच्या अंदाजाला भविष्यकाळ घ्या. कालच्या अंदाजाला आणि अनोळखी माणसाकडे काही मागताना संकेतार्थ.