लीडर, चॅलेंजर, फॉलोअर, निचर : चारही उदाहरणं टूथपेस्टमधूनच का घ्यावीत?

मार्केटिंगमध्ये एका बाजारातल्या कंपन्यांच्या चार भूमिका मानतात: सर्वांत मोठा हिस्सा असलेला लीडर, त्याच्यावर चाल करणारा चॅलेंजर, त्याच्या मागून चालणारा फॉलोअर आणि छोटासा कोपरा म्हणजे निच धरून राहणारा निचर. परीक्षेत या चौघांची उदाहरणं देताना लीडर म्हणून मारुती, चॅलेंजर म्हणून पेप्सी, निचर म्हणून आणखी तिसऱ्याच धंद्यातली कंपनी, असं उत्तर लिहिलं की एकेक उदाहरण बरोबर असूनही तुलना जमत नाही. कारण कंपनीची भूमिका बाजारागणिक बदलते. हिंदुस्थान युनिलिव्हर साबणात लीडर आहे, टूथपेस्टमध्ये मात्र चॅलेंजर. म्हणून चौघांना एकाच बाजारात उभं करा. मला त्यासाठी भारतातली टूथपेस्ट सगळ्यांत सोयीची वाटते.

लीडर अर्थातच कोलगेट. इथे ‘हिस्सा सर्वाधिक’ एवढंच लिहून थांबू नका. शाळांमध्ये दात घासायला शिकवणं, रात्रीही ब्रश करा असं सांगणं, हे एकूण बाजार वाढवणं आहे. लोक जास्त पेस्ट वापरू लागले की मोठा वाटा लीडरलाच मिळतो. पतंजलीची दंतकांती वाढू लागल्यावर कोलगेटने २०१६ मध्ये आणलेली आयुर्वेदिक वेदशक्ती हा बचाव.

चॅलेंजर आणि फॉलोअर यांत मुलं हमखास गोंधळतात. दोघंही लीडरच्या मागेच असतात, पण चॅलेंजर त्याचं गिऱ्हाईक उघडपणे ओढतो आणि त्यापायी भांडण अंगावर घेतो. २०१३ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरच्या पेप्सोडेंटने जाहिरातीत कोलगेटचं थेट नाव घेऊन आपली पेस्ट सरस असल्याचा दावा केला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. हा समोरून हल्ला. पतंजलीने मात्र कोलगेट जिथे कमजोर होती त्या आयुर्वेदिक बाजूने शिरकाव केला, म्हणजे बगलेवरचा हल्ला. जागा कमी असेल तर पेप्सोडेंट लिहा, दोन प्रकारचे हल्ले दाखवायचे असतील तर दोन्ही.

फॉलोअरसाठी अँकर घ्या. तीच नेहमीची पांढरी पेस्ट, वेगळ्या संशोधनाचा खर्च न करता, परवडणाऱ्या दरात. फॉलोअरची मर्यादाही याच कंपनीच्या प्रकरणात दिसते. दंतमंजनाच्या डब्यावरच्या लाल-पांढऱ्या रंगसंगतीवरून कोलगेट कोर्टात गेली आणि २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अँकरला ती वापरायला मनाई केली. लीडरच्या मागून चाला, पण त्याचा चेहरा लावू नका, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

निचर म्हणून सेन्सोडाइन. थंड पाणी लागताच कळ येणाऱ्या दातांपुरतंच बोलायचं, दंतवैद्यांमार्फत पोचायचं आणि दर चढा ठेवायचा. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना विको वज्रदंतीचा मोह होतो, आणि कंपनी मुंबईची असल्याने तो मीही समजू शकतो. ते उदाहरण चुकीचं नाही, पण डाबर, पतंजली आणि खुद्द कोलगेटही आयुर्वेदिकमध्ये उतरल्यावर तो कोपरा विकोपुरता राहिला नाही. विको लिहायचीच असेल तर ‘मोठे खेळाडू शिरले की निच निच राहत नाही’ हा धोका दाखवायला लिहा.